हायड्रोबोरेशन आणि ऑक्सिमर्क्युरेशन: OH कुठल्या कार्बनवर आणि कुठल्या बाजूला, पायरीपायरीने

ठाण्यात नौपाड्यात संध्याकाळच्या बॅचला येणाऱ्या एसवाय-टीवायच्या पोरांच्या वह्या बघितल्या की एकच गोष्ट परत परत दिसते. OH कुठल्या कार्बनवर जाणार ते बहुतेकांना येतं, पाऱ्याला मार्कोव्निकॉव्ह आणि बोरॉनला उलटं एवढं पाठच असतं, पण त्या OH ला वेज द्यायची की डॅश असं विचारलं की गाडी अडते, मग 'सिन' एवढंच आठवतं आणि OH ला पण वेज, शेजारच्या मिथाइलला पण वेज देऊन मंडळी मोकळी होतात. हे चूक आहे. आणि पाऱ्याच्या रिअ‍ॅक्शनला 'अँटी' आठवतं म्हणून जिथे स्टिरिओसेंटरच नाही तिथेही डॅश काढून ठेवतात, ते त्याहून चूक.

खाली सगळं एकाच अल्कीनवर करून दाखवतो, १-मिथाइलसायक्लोहेक्झीन. बाकीचे गणितासारखे याच पद्धतीने सुटतात, आणि जिथे सुटत नाहीत ते शेवटी सांगितलंय.

## तयारी: रिएजंटला हात लावायच्या आधी

रिंग काढा, डबल बाँडच्या ज्या कार्बनवर मिथाइल आहे त्याला C1 म्हणा, दुसऱ्याला C2. आता C2 वरचा हायड्रोजन कागदावर प्रत्यक्ष काढा. लाइन स्ट्रक्चरमध्ये तो लिहायची पद्धत नाही हे खरं, पण आपली निम्मी भानगड न दिसणाऱ्या हायड्रोजनमुळेच होते, तेव्हा रफमध्ये तरी काढाच.

मग हे तीन प्रश्न, आणि याच क्रमाने:

1. OH कुठल्या कार्बनवर?
2. OH सोबत दुसरं काय जोडलं जातंय, आणि ते कुठल्या कार्बनवर?
3. ही जोडली गेलेली दोन माणसं एकमेकांच्या बाजूला आहेत की समोरासमोर?

सिन आणि अँटी हे शब्द फक्त तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहेत, म्हणजे नवीन आलेल्या दोन गोष्टींमधलं नातं. मिथाइल आधीपासून तिथेच बसलेलं होतं, त्याचा या शब्दांशी थेट संबंध नाही. हे एवढं डोक्यात बसलं तर अर्धा लेख वाचायची गरज नाही.

सावधान: रिएजंट लिहिताना 1 आणि 2 असे आकडे घालून दोन वेगळ्या पायऱ्या लिहा. BH3 आणि H2O2 एकाच बाणावर स्वल्पविराम देऊन लिहिले तर त्याचा अर्थ दोन्ही एकदम ओतले असा होतो, आणि पेरॉक्साइड बोरेनलाच खाऊन टाकेल, अल्कीनपर्यंत काही पोचणारच नाही.

## पायरी 1: बोरॉन कुठे बसतो

BH3 टीएचएफमध्ये घेतात. बोरॉनकडे आठ इलेक्ट्रॉन पूर्ण नसतात, त्याचं ऑर्बिटल रिकामं असतं, म्हणून डबल बाँडचे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे ओढले जातात. पण इथे मोकळा कार्बोकॅटायन तयार होत नाही, बोरॉन एका कार्बनला आणि त्याचाच हायड्रोजन शेजारच्या कार्बनला एकाच वेळी, चार अणूंच्या चौकोनी ट्रान्झिशन स्टेटमधून जोडले जातात. त्यात बोरॉनचा बाँड जरा पुढे गेलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या कार्बनवर थोडा धन चार्ज येतो, आणि तो चार्ज ज्याला जास्त झेपतो तो कार्बन म्हणजे मिथाइलवाला C1. शिवाय बोरॉनला गर्दी नको असते, तो C2 वर जातो. दोन्ही कारणं एकाच दिशेला ढकलतात.

म्हणजे बोरॉन C2 वर, हायड्रोजन C1 वर. आणि दोघं एकाच तुकड्यातून आलेत म्हणून रिंगच्या एकाच बाजूने आलेत.

आता वही टेबलावर सपाट ठेवा, कागद म्हणजे रिंगचं प्रतल धरा. बोरॉन आणि हायड्रोजन दोघं वरून आले असं समजा. C1 वर आधी मिथाइल होतं ते प्रतलातच होतं, आता वरून हायड्रोजन येऊन बसला तर मिथाइलला जागा कुठे उरली? खाली. म्हणजे C1 वर हायड्रोजन वेज, मिथाइल डॅश. C2 वर बोरॉन वेज, जुना हायड्रोजन डॅश. बोरॉन वर आणि मिथाइल खाली, म्हणजे ते एकमेकांना ट्रान्स झाले.

तपासा: तुमच्या चित्रात नवीन हायड्रोजन आणि बोरॉन एकाच बाजूला आहेत का? असतील तर मिथाइल आणि बोरॉन विरुद्ध बाजूलाच असणार. दोन्ही जोड्या एकदम एकाच बाजूला दिसत असतील तर C1 वरचा हायड्रोजन काढायचा राहून गेलाय.

## पायरी 2: बोरॉन जाऊन OH येतो, पण जागा तीच

दुसऱ्या बाणावर H2O2 आणि NaOH. बऱ्याच वह्यांत इथे OH⁻ मागून येऊन बोरॉनला हाकलतो असं काढलेलं असतं आणि त्यामुळे बाजू उलटते. असं होत नाही. पेरॉक्साइडचा HOO⁻ बोरॉनवर येऊन बसतो, कार्बनवर नाही. मग बोरॉनला चिकटलेला कार्बन त्याचा इलेक्ट्रॉनांचा जोड घेऊन शेजारच्या ऑक्सिजनवर सरकतो आणि OH⁻ सुटतो. कार्बनने बोरॉनचा हात सोडला आणि त्याच हाताने ऑक्सिजन धरला, त्यामुळे कार्बनवरची मांडणी जशीच्या तशी राहते. शेवटी तो B–O बाँड पाण्याने आणि अल्कलीने तुटतो, त्यात कार्बनला कोणी हातही लावत नाही.

म्हणून जिथे बोरॉन वेज होता तिथे OH वेज. उत्तर: ट्रान्स-२-मिथाइलसायक्लोहेक्झनॉल.

आता दुसरी गोष्ट. BH3 वरून येईल तसाच खालूनही येईल, या अल्कीनच्या दोन्ही बाजू सारख्याच आहेत. म्हणून (1R,2R) आणि (1S,2S) अर्धे अर्धे मिळतात, रेसिमिक. एकच रचना काढून खाली 'आणि तिचा एनान्शिओमर' किंवा ± लिहिलं तरी चालतं, पण काहीच न लिहिणं म्हणजे एकच एनान्शिओमर मिळाला असं सांगणं. (1R,2S) आलं असेल तर तुम्ही सिस काढलंय, मागे जा.

तपासा: चेअर काढून बघितलीत तर ट्रान्समध्ये OH आणि मिथाइल दोन्ही इक्वेटोरियल बसतात. इथे पुष्कळांची फसगत होते, दोन्ही बाहेरच्या बाजूला आडवे दिसतात म्हणून 'हे तर सिस' असं वाटतं. आडवं दिसणं बघू नका, प्रत्येक कार्बनवर दोन जागांपैकी वरची कुठली आणि खालची कुठली ते बघा. शेजारच्या कार्बनवरच्या इक्वेटोरियल जागांपैकी एक थोडी वर आणि एक थोडी खाली असते.

जमलं का बघायला १,२-डायमिथाइलसायक्लोहेक्झीन घ्या. हायड्रोजन आणि OH वरून आले, तर दोन्ही मिथाइल खाली ढकलले गेले, म्हणजे दोन मिथाइल एकमेकांना सिस. 'सिन आहे म्हणजे OH आणि शेजारचं मिथाइल सिस' असं पाठ केलेलं असेल तर इथे उत्तर नक्की चुकतं.

## पायरी 3: पारा कुठे बसतो आणि पाणी कुठे

आता तेच अल्कीन, पण Hg(OAc)2, पाणी आणि टीएचएफ. पारा डबल बाँडच्या दोन्ही कार्बनांवर पूल टाकल्यासारखा बसतो, याला मर्क्युरिनियम आयन म्हणतात. पूल दोन्हीकडे सारखा मजबूत नसतो, मिथाइलवाल्या C1 कडची बाजू लांब आणि ढिली असते, कारण धन चार्जचा जास्त वाटा तिथे आहे. पाणी त्याच C1 वर येतं, आणि वर पारा बसलेला असल्यामुळे खालून येतं.

म्हणून OH C1 वर, पारा C2 वर, दोघं समोरासमोर. हे अँटी अ‍ॅडिशन, आणि ही पायरी खरोखरच अँटी आहे. पुस्तकात 'अँटी' लिहिलेलं असतं ते या पायरीबद्दल, पूर्ण रिअ‍ॅक्शनबद्दल नाही. चुकीचं मूळ हेच.

पाण्याऐवजी सॉल्व्हंट मिथेनॉल असेल तर मिथेनॉलच आत येतं आणि अल्कोहोलऐवजी ईथर मिळतो. प्रश्नात बाणाखाली काय लिहिलंय ते वाचा, परीक्षक मुद्दाम बदलतात.

## पायरी 4: NaBH4 आलं की पाऱ्याची बाजू विसरा

NaBH4 आणि NaOH घातलं की पाऱ्याच्या जागी हायड्रोजन येतो. वह्यांमध्ये इथे हायड्राइड मागून येऊन पाऱ्याला बाहेर काढतो असा बाण असतो. प्रत्यक्षात आधी पाऱ्यावर हायड्राइड बसतो, मग C–Hg बाँड तुटून कार्बनवर रॅडिकल तयार होतो, आणि तो रॅडिकल दुसऱ्या पारा-हायड्राइडकडून हायड्रोजन उचलतो. मध्ये रॅडिकल मोकळा असतो, त्याला वर-खाली दोन्ही बाजू खुल्या असतात, त्यामुळे C2 वर पारा कुठल्या बाजूला होता ही माहिती पुसली जाते.

आपल्या अल्कीनमध्ये तर याचाही प्रश्न येत नाही, C2 वर आता दोन हायड्रोजन आहेत आणि C1 वर OH, मिथाइल आणि रिंगचे दोन सारखे हात. एकही स्टिरिओसेंटर नाही. उत्तर १-मिथाइलसायक्लोहेक्झनॉल, वेज नाही, डॅश नाही, ± नाही. इथे डॅश काढणारा मुलगा मेकॅनिझम पाठ करून आलाय पण प्रॉडक्टकडे बघत नाही, असंच तपासणाऱ्याला वाटतं.

## पायरी 5: ड्युटेरियम घालून खात्री करा

जेएएमसारख्या परीक्षांना हा प्रकार आवडतो, आणि स्वतःला तपासायलाही याच्यासारखं काही नाही.

BD3, मग H2O2/NaOH. ड्युटेरियम बोरॉनसोबत येतो, म्हणून तो C1 वर, OH C2 वर, आणि दोघं सिस. मिथाइल त्यांच्या विरुद्ध बाजूला. एक डायस्टेरिओमर, रेसिमिक.

Hg(OAc)2/H2O, मग NaBD4. ड्युटेरियम पाऱ्याच्या जागी येतो, म्हणजे C2 वर. इथे काही जण D थेट OH वाल्या कार्बनवर टाकतात, NaBD4 म्हटलं की कीटोनचं रिडक्शन आठवतं म्हणून असावं. C2 वर एक H, एक D, आणि D वर की खाली ते ठरलेलं नाही, म्हणून OH ला सिस आणि ट्रान्स दोन्ही प्रकारांचं मिश्रण. 'अँटी' म्हणून फक्त ट्रान्स लिहिलं तर चूक.

ही दोन उत्तरं शेजारी शेजारी काढा. एकात D C1 वर आणि बाजू पक्की, दुसऱ्यात D C2 वर आणि बाजू कच्ची. दोन रिअ‍ॅक्शनमधला सगळा फरक या दोन चित्रांत आहे.

## पायरी 6: सांगाडा हलतो का ते बघा

यासाठी दुसरं अल्कीन लागेल, ३,३-डायमिथाइल-१-ब्युटीन. डबल बाँडशेजारच्या कार्बनवर तीन मिथाइल, म्हणजे संधी मिळाली की एक मिथाइल उडी मारायला तयारच.

नुसतं पातळ आम्ल आणि पाणी घातलं तर सेकंडरी कार्बोकॅटायन होतो, मिथाइल सरकतं, टर्शरी कॅटायन होतो आणि मुख्यतः २,३-डायमिथाइल-२-ब्युटनॉल मिळतो. सांगाडा बदलला. पाऱ्याच्या पद्धतीत मोकळा कॅटायन कधी होतच नाही, म्हणून मिथाइल जागेवर राहतं आणि ३,३-डायमिथाइल-२-ब्युटनॉल मिळतो. बोरॉनने ३,३-डायमिथाइल-१-ब्युटनॉल. एका अल्कीनपासून तीन वेगवेगळे अल्कोहोल, आणि तिन्ही पाठ करायची गरज नाही, कॅटायन होतो का एवढाच प्रश्न विचारा.

सावधान: 'मार्कोव्निकॉव्ह म्हणजे कार्बोकॅटायन' हे समीकरण पाऱ्याला लावू नका. इथे नियम पाळला जातो, शिफ्ट मात्र होत नाही.

## पायरी 7: प्रत्यक्ष करताना प्रमाण आणि क्रम

कॉलेजात पाऱ्याची रिअ‍ॅक्शन सहसा कागदावरच राहते आणि ते बरंच आहे. 10 मिलिमोल अल्कीनला तेवढंच, म्हणजे साधारण 3.2 ग्रॅम मर्क्युरिक अ‍ॅसिटेट लागतं, टीएचएफ आणि पाणी 10-10 मिलीलीटर. आधी पिवळा रंग येतो, तो गेला की पहिली पायरी झाली. मग NaOH, आणि त्यानंतर NaOH मध्ये विरघळवलेलं NaBH4. खाली करडा पारा जमतो, हिशेबाने 2 ग्रॅम, आणि हातात येणारं अल्कोहोल सगळं मिळालं तरी 1.14 ग्रॅम. पारा जास्त, माल कमी, आणि तो पारा सिंकमध्ये टाकता येत नाही, मर्क्युरिक अ‍ॅसिटेट तर स्वतःच विषारी.

हायड्रोबोरेशन मात्र सरांच्या देखरेखीखाली, फ्यूम हूडमध्ये करता येतं. एका BH3 मध्ये तीन हायड्रोजन, म्हणून तीन अल्कीन असा हिशेब लावतात आणि इथे फसतात. साध्या टोकाच्या अल्कीनला तो बरोबर आहे, पण आपल्यासारख्या तीन हात भरलेल्या अल्कीनचे दोनच मोल्स चढतात आणि गर्दीमुळे डायअल्किलबोरेनवर काम थांबतं. म्हणून 50 मिलिमोल, म्हणजे 4.8 ग्रॅम अल्कीनला 1 मोलर BH3-टीएचएफ किमान 25 मिलीलीटर घ्यावं लागतं, तीनाच्या हिशेबाने 17 घेतलं तर अल्कीन उरतं. भांडं कोरडं हवं, वर नायट्रोजन, खाली बर्फ. पावसाळ्यात इकडे हवेत इतका दमटपणा असतो की ओव्हनमधून काढलेलं ग्लासवेअरही गरम असतानाच जोडून नायट्रोजनखाली थंड करावं.

दुसऱ्या भागाचा क्रम असा: आधी पाण्याचे काही थेंब, अगदी सावकाश, कारण उरलेल्या B–H मधून हायड्रोजन वायू निघतो आणि बुडबुडे जोरात येतात, जवळ ज्योत नको. बुडबुडे थांबले की NaOH. मग 30 टक्के H2O2, थेंब थेंब, तापमान 40 अंशांच्या आसपास ठेवून. पेरॉक्साइड भसकन ओतलं तर टीएचएफ उकळून वर येतं. आणि शेवटी डिस्टिलेशनच्या आधी पेरॉक्साइड उरलंय का ते स्टार्च-आयोडाइड पेपरने बघा, उरलं असेल तर सल्फाइटने मारा.

## काय मिळालं ते कसं ओळखायचं

ल्युकास टेस्ट आधी. टर्शरी असलेलं १-मिथाइलसायक्लोहेक्झनॉल लगेच गढूळ होतं, २-मिथाइलवालं सेकंडरी आहे, ते काही मिनिटं घेतं. क्रोमिक अ‍ॅसिडने तर आणखी स्पष्ट, सेकंडरी नारंगीचं हिरवं करतं, टर्शरी नारंगीच ठेवतं. पण या दोन्हींनी फक्त जागा कळते, बाजू नाही.

बाजूसाठी प्रोटॉन एनएमआर. ट्रान्समध्ये OH वाल्या कार्बनवरचा हायड्रोजन अ‍ॅक्सियल असतो, 3.1 पीपीएमच्या आसपास पसरट दिसतो, त्यात 10 हर्ट्झच्या जवळपासचे मोठे कपलिंग असतात. सिसमध्ये तोच 3.8 च्या आसपास आणि अरुंद. मिथाइल डब्लेट असेल तर शेजारी हायड्रोजन आहे, म्हणजे बोरॉनचं काम झालंय, आणि सिंग्लेट दिसला तर OH मिथाइलच्याच कार्बनवर आहे.

## हे नियम कुठे ढिले पडतात

टोकाच्या साध्या अल्कीनमध्येही BH3 शंभर टक्के टोकाला जात नाही. १-हेक्झीनला 94 टक्के टोकाला आणि 6 टक्के आत. स्टायरीनमध्ये तर फिनाइल शेजारच्या कार्बनवरचा चार्ज असा सांभाळतं की बोरॉनचा आतला वाटा 19-20 टक्क्यांपर्यंत जातो. सिस-४-मिथाइल-२-पेंटीनसारख्या अल्कीनमध्ये दोन्ही कार्बनांवर एकेकच हायड्रोजन, BH3 ला फरक कळतच नाही आणि 57:43 असं मिश्रण येतं. तिथे 9-बीबीएन घ्यावं लागतं, त्याचं अंगच इतकं मोठं की ते 99 टक्क्यांहून जास्त कमी गर्दीच्या कार्बनवर जातं. परीक्षेत मुख्य प्रॉडक्ट विचारलं असेल तर हे लिहायची गरज नाही, पण 'फक्त हेच मिळतं' असं लिहू नका.

'दोन्ही बाजू सारख्या' हे मी वर म्हणालो ते १-मिथाइलसायक्लोहेक्झीनपुरतं. टर्पेंटाइनमधल्या अल्फा-पायनीनमध्ये एका बाजूला दोन मिथाइलचा पूल आडवा येतो, बोरॉन दुसऱ्याच बाजूने जातो, आणि अल्कीन स्वतः एकाच एनान्शिओमरचं घेतलं असेल तर उत्तरात ± लावायचं नाही, आयसोपिनोकॅम्फिऑलचा एकच एनान्शिओमर लिहायचा.

आणि पाऱ्याच्या 'अँटी' लाही अपवाद आहे. नॉर्बोर्नीनमध्ये पारा आणि OH दोघं एक्झो बाजूनेच बसतात, एकमेकांना सिस. मागून पाणी यायला एंडो बाजू अडलेली असते, त्यामुळे वरचा पूल-आणि-मागून-पाणी हा हिशेब तिथे लागत नाही. तिथे बोरॉन आणि पारा, दोन्हींनी एक्झो-नॉर्बोर्निऑलच मिळतो.